जुलाब-उलट्यांत झोपेच्या गोळ्या द्यायच्या की थांबवायच्या?

"सासूबाई ७१ वर्षांच्या, वजन ५८ किलो, शुगर-बीपी दोन्ही. पायांची आग होते म्हणून प्रेगाबालिन ७५ सकाळ-रात्र आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम ०.५ रात्री, चार वर्षं चालू आहे. मागच्या महिन्यात लग्नाचं जेवण बाधलं, दिवसाला आठ-दहा जुलाब आणि उलट्या. मेडिकलमधून उलटीची गोळी आणली, अंग दुखतंय म्हणून पेनकिलर दिली, बाकी सगळ्या गोळ्या वेळेवर चालूच ठेवल्या. तिसऱ्या दिवशी उठवलं तरी डोळे मिटायच्या, बोलणं जड झालं, कप हातातून सुटला. ऍडमिट केलं तर क्रिएटिनिन २.२ निघालं, आधीच्या रिपोर्टमध्ये १.१ नॉर्मल होतं. डॉक्टर म्हणाले गोळ्या अंगात साठल्या. रोजचाच डोस होता मग साठल्या कशा? आणि पुढच्या वेळी असं झालं तर द्यायच्या की नाही? घरात एक जण म्हणतो या गोळ्या कायमच्याच बंद करा." — एक सून, नाशिक

ताई, डोस रोजचाच होता हे खरं, पण गोळी बाहेर टाकणारी किडनी त्या तीन दिवसांत रोजची राहिली नव्हती. आणि तुमच्या सासूबाईंच्या दोन गोळ्या या बाबतीत अगदी वेगळ्या वागतात, म्हणून "द्यायची की नाही" याचं एकच उत्तर दोघींना लागू होत नाही.

आधी प्रेगाबालिन. ही गोळी लिव्हर जवळपास मोडतच नाही, पोटातून रक्तात येते, काम करते आणि जशीच्या तशी लघवीतून निघून जाते. म्हणजे तिला बाहेर जायला वाट एकच. पाण्याच्या टाकीत वरून धार तेवढीच चालू आहे आणि खालचा नळ अर्धा बंद केला तर पातळी चढणारच, तसंच हे. आता तुम्ही जो १.१ चा रिपोर्ट नॉर्मल म्हणताय त्याच्याकडे बघू. लॅबवाला १.१ च्या समोर नॉर्मल छापतो पण तो आकडा वय आणि वजन बघत नाही. औषधांचे डोस ठरवताना किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते हे काढायला आम्ही कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं गणित वापरतो, १४० मधून वय वजा, ६९ उरले, गुणिले वजन ५८, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, आणि बाई असेल तर शेवटी गुणिले ०.८५. सासूबाईंचं उत्तर येतं मिनिटाला ४३ मिलिलिटरच्या आसपास. तरुण निरोगी माणसाचं १०० च्या आगेमागे असतं. म्हणजे जेवण बाधायच्या आधीच त्यांची किडनी निम्म्याहून कमी काम करत होती, फक्त दिवसाला १५० मिलिग्राम प्रेगाबालिन तेवढ्या किडनीला चालून जातं म्हणून चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग जुलाब लागले. अंगातलं पाणी आणि मीठ गेलं, बीपी उतरलं, किडनीकडे जाणारं रक्त कमी झालं. वर बीपीची गोळी चालू, त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल तर अजून पाणी गेलं (पाकिटावर "एच" किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन असं काही लिहिलंय का बघा). आणि अंगदुखीची डायक्लोफिनॅक-एसीक्लोफिनॅक जातीची पेनकिलर. ही तीन एकत्र आली की किडनी पटकन बसते. साध्या दिवशी यातली प्रत्येक गोळी ठीक असते पण कोरड्या पडलेल्या अंगात किडनी स्वतःचा रक्तपुरवठा टिकवायला ज्या दोन युक्त्या वापरते त्यातली एक टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी बंद पाडते आणि दुसरी पेनकिलर बंद पाडते. अंग दुखलं, ताप आला तर अशा वेळी पॅरासिटामॉल, बाकी काही नाही.

क्रिएटिनिन २.२ घालून तेच गणित करा, उत्तर येतं २१ च्या आसपास, आणि क्रिएटिनिन चढत असताना खरी ताकद या आकड्यापेक्षाही कमी असते कारण रक्तातला आकडा मागून येतो. नळ निम्मा झाला, धार तीच. निरोगी माणसात प्रेगाबालिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सहा तास लागतात, इतक्या कमजोर किडनीत जवळपास २४ तास. म्हणून पातळी एकदम नाही चढली, प्रत्येक डोसला आधीच्या उरलेल्यावर भर पडत गेली आणि तिसऱ्या दिवशी ते दिसलं. उलट्यांच्या पहिल्या दिवशी माणूस ठीक वाटतो आणि घरचे निर्धास्त होतात, खरा धोका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो, कधीकधी जुलाब थांबत आल्यावर सुद्धा. आणि याच कारणाने, गोळी थांबवली म्हणून दुपारपर्यंत जाग येईल असं धरून घरी वाट बघत बसायचं नाही.

आता क्लोनाझेपाम. ही लिव्हरमध्ये मोडते, त्यामुळे किडनी बसली म्हणून ती प्रेगाबालिनसारखी साठत नाही. पण कमी बीपी, उपाशी पोट, वय आणि वर चढलेलं प्रेगाबालिन या सगळ्यावर तोच अर्धा मिलिग्राम जास्त लागतो. आणि तुम्ही मेडिकलमधून आणलेली उलटीची गोळी कुठली होती ते एकदा पाकीट सापडलं तर बघा. प्रवासात लागू नये म्हणून देतात ती प्रोमेथाझिन असेल तर ती स्वतःच झोप आणणारी आहे, म्हणजे नकळत तिसरी झोपेची गोळी झाली. प्रोक्लोरपेराझिननेही गुंगी येते, आणि मेटोक्लोप्रामाइड किडनी कमजोर असली की साठतं. ओन्डान्सेट्रॉनने सहसा झोप येत नाही म्हणून अशा पेशंटला डॉक्टर बहुतेक तेच देतात, पण तेही विचारून, कारण हार्टच्या काही गोळ्यांबरोबर ते जमत नाही.

क्लोनाझेपामची दुसरी बाजू अशी की चार वर्षं रोज घेतलेली ही गोळी झटक्यात पूर्ण बंद करून चालत नाही. मेंदूला तिची सवय झालेली असते, अचानक काढली तर घाबरं होणं, हात थरथरणं, घाम, झोप उडणं आणि क्वचित फिट येऊ शकते. पण इथे तिचा संथपणा उपयोगी पडतो, तिचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे एक रात्र चुकली तरी दुसऱ्या रात्री अंगात बऱ्यापैकी शिल्लक असते. एखादी रात्र चुकल्याने फिट येईल या भीतीने गुंगलेल्या माणसाच्या तोंडात गोळी घालायची गरज नाही. हाच हिशोब याच जातीच्या अल्प्राझोलामला लावू नका, ती बरीच लवकर उतरते, साधारण ११ तासांत निम्मी, म्हातारपणी थोडा जास्त वेळ, त्यामुळे तिचे दोन-तीन डोस लागोपाठ चुकले तर त्रास आधी सुरू होतो आणि डॉक्टरांना फोन त्याच दिवशी जायला हवा.

आता पुढच्या वेळी घरात नक्की काय करायचं ते सांगते. गोळीची वेळ झाली की घड्याळाआधी माणसाकडे बघायचं. "आई, जागी आहेस ना" विचारलं आणि त्या "हं" म्हणाल्या, याला जागं म्हणत नाहीत. त्यांना उठवून बसवा, आज वार कोणता, दुपारी काय घेतलं असं काहीतरी विचारा जेणेकरून पूर्ण वाक्य बोलावं लागेल, आणि वाक्य स्पष्ट येतंय का ऐका. मग कप त्यांच्याच हातात देऊन तीन घोट प्यायला सांगा. मग दोन्ही हात समोर ताठ धरून पंजे वर करायला सांगा, ट्रॅफिक पोलीस थांबा म्हणतो तसे, आणि अर्धा मिनिट बघा. पंजे मधेच झटकन खाली पडतात, हाताला झटके बसतात असं दिसलं तर ते थंडीने किंवा अशक्तपणाने नाही, प्रेगाबालिन-गॅबापेन्टिन साठल्याची किंवा किडनी बिघडल्याची ती अगदी ओळखीची खूण आहे. कप सुटला तेव्हा बहुतेक हेच झालं असावं. यातलं काहीही अडखळलं, बोलता बोलता डोळे मिटले, तर त्या वेळची प्रेगाबालिन नाही आणि क्लोनाझेपामही नाही, आणि डॉक्टरांना फोन. हा नियम विचारायला कुणी नसेल तरी, रात्री दोन वाजता सुद्धा, तुम्हाला लावता येतो.

त्याआधी शुगर. हे मी मुद्दाम वेगळं सांगतेय कारण गोळ्यांची गुंगी समजून लोक शुगर कमी झालेल्या माणसाला झोपू देतात. शुगरसाठी ग्लिमेपिराइड असेल, पोटात अन्न नसेल आणि किडनी मंद असेल तर शुगर उतरते आणि परत परत उतरते. ग्लुकोमीटर घरात आहेच ना, सुस्ती दिसली की पहिला आकडा तो. ७० च्या खाली आणि गिळता येतंय तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासा. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही नाही, सरळ हॉस्पिटल. आकडा सुधारला तरी ग्लिमेपिराइडवाल्याला त्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच. चेहरा एका बाजूला ओढला, एक हात लुळा पडला तर तो गोळ्यांचा विषय नाही, पॅरालिसिसचा आहे, तिथे मिनिटं मोजली जातात.

माणूस पूर्ण जागा आहे, पण जुलाब-उलट्या जोरात आहेत, तेव्हा काय? तेव्हा लघवी बघा. सकाळपासून किती वेळा झाली, रंग चहासारखा आहे का. आठ तासांत झालीच नाही किंवा अगदी थोडी गडद झाली तर किडनी पाणी वाचवतेय असं समजा, आणि अशा दिवशी प्रेगाबालिनचा नेहमीचा पूर्ण डोस ढकलू नका, डॉक्टरांना विचारून निम्मा करा किंवा तेवढ्यापुरता थांबवा. कातडी चिमटीत धरून बघायची पद्धत म्हाताऱ्या माणसात फसवते, त्यांची कातडी एरवीही सैल असते. जीभ कोरडी, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी, हे जास्त खरं. सहा तास पाणीसुद्धा पोटात राहत नसेल तर घरी थांबूच नका, त्याच दिवशी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम करून घ्या. सोडियम उतरलं तरी माणूस असाच गुंगतो आणि ते घरी कळत नाही.

गोळी दिली आणि उलटी झाली, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण हा प्रत्येक घरात येतोच. अँटिबायोटिक पडलं तर परत देतात म्हणून लोक झोपेची गोळीही परत देतात. द्यायची नाही. किती पोटात राहिली आणि किती पडली हे उलटीकडे बघून कळत नाही, आणि एक डोस कमी पडल्याचा त्रास हा दोन डोस बसल्याच्या धोक्यापुढे काहीच नाही. गोळी राहत नाही म्हणून तोंडात विरघळणारी क्लोनाझेपाम आणून देणं हाही तोच घोटाळा, ती विरघळते तोंडात पण लाळेबरोबर जाते पोटातच आणि गुंगी तेवढीच आणते. आणि खरी भीती दुसरी आहे, गुंगीत असताना उलटी झाली की ती फुप्फुसात जाते. म्हणून अशा रात्री त्यांना कुशीवर झोपवा, डोकं थोडं उंच, आणि खोलीत कुणीतरी झोपा. बाथरूम लांब असेल तर पलंगाजवळ कमोड चेअर किंवा बेडपॅन ठेवा, रात्रीचे जुलाब, उतरलेलं बीपी आणि क्लोनाझेपाम घेऊन अंधारात चालणारी ७१ वर्षांची बाई म्हणजे खुब्याचं फ्रॅक्चर ठरलेलं.

ओआरएस. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्धं अर्धं नको, आणि दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत सुरू. शुगर आहे म्हणून ओआरएस नको असं बरेच जण म्हणतात, पण डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं आणि ते आतड्यातून मीठ-पाणी आत ओढायला लागतंच. जुलाब चालू आहेत तोवर ते द्या, शुगर तपासत राहा. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची गोड ड्रिंक्स म्हणजे ओआरएस नाही. हार्ट फेल्युअर किंवा डायलिसिसचा पेशंट असेल तर पाणी किती हे मात्र डॉक्टरच सांगतील. आणि गुंगलेल्या माणसाला चमच्याने सुद्धा पाजायचं नाही, प्रेमाने पाजलेलं ओआरएस श्वासनलिकेत गेलेलं मी वॉर्डात पाहिलंय.

१०८ ला कधी फोन करायचा? हलवून, हाक मारून जाग येत नाही. किंवा श्वास. छाती-पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून गुणायचं नाही. १० च्या खाली, किंवा मधेच थांबतोय, घशात घरघर, ओठ निळसर, यातलं काहीही असेल तर लगेच. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ९६ दाखवतंय म्हणून थांबू नका, श्वास मंद झाल्यावर तो आकडा पडायला वेळ लागतो. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, रिकामी पण, मेडिकलमधून परस्पर आणलेली सुद्धा, आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते कागदावर.

पाकिटं न्यायचं अजून एक कारण आहे. जुलाबावर आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन सर्रास देतात, आणि कंबरदुखीसाठी कुणी टिझानिडिन घेत असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन लिव्हरमधली तिची वाट अडवतं आणि तिचं रक्तातलं प्रमाण दहापट होऊ शकतं, बीपी कोसळतं आणि माणूस गुंगतो. ही जोडी चालतच नाही. अल्प्राझोलामबरोबर क्लॅरिथ्रोमायसिनचंही असंच थोड्या कमी प्रमाणात. डॉक्टरांना पाकीट दिसलं तर ते दुसरं काही देतील, दिसलं नाही तर त्यांना स्वप्न पडणार नाहीये.

हे सगळं क्लोनाझेपाम झोपेसाठी घेणाऱ्यांचं झालं. तीच गोळी किंवा क्लोबाझाम, फिनोबार्बिटोन कुणी फिटसाठी घेत असेल तर "सुस्त दिसला, आजची सोडा" हे घरी ठरवायचं नाही, तिथे गोळी पोटात राहत नाही हीच इमर्जन्सी, हॉस्पिटलमध्ये इंजेक्शनने देतात. पाय आखडतात म्हणून बॅक्लोफेन घेणाऱ्यांचं सगळ्यात अवघड, ती किडनीतून जाते म्हणून साठते पण आणि अचानक थांबवली तर फिट पण येते, त्यांनी दुसऱ्या जुलाबालाच डॉक्टरांना गाठावं.

परत सुरू कधी? नीट खाणं-पिणं आणि नेहमीसारखी लघवी होऊन २४ ते ४८ तास झाले की. चुकलेले डोस भरून काढायचे नाहीत. क्लोनाझेपामला मात्र तेवढं थांबायचं नाही, पूर्ण जाग आली की त्याच रात्रीपासून, आणि प्रेगाबालिन क्रिएटिनिन परत बघून, आणि बरेच दिवस बंद राहिली असेल तर आधी फक्त रात्रीची. एक गोष्ट लक्षात असू द्या, प्रेगाबालिन अचानक सुटल्यानेही मळमळ, जुलाब, घाम, झोप न येणं असं होतं, म्हणजे पोट बरं झाल्यावर तीन-चार दिवसांनी परत तसंच सुरू झालं तर नुसतं जेवणाकडे बोट दाखवू नका. सासूबाईंचं क्रिएटिनिन आता किती आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये. परत १.१ वर आलं असेल तरी ४३ वाला हिशोब तोच राहतो, आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शनच्या मागेच लिहून घ्या की जुलाब-उलट्यांच्या दिवशी प्रेगाबालिन किती, क्लोनाझेपाम किती, आणि मेटफॉर्मिन, बीपीची गोळी, ग्लिमेपिराइड यातलं काय थांबवायचं. परदेशात अशा दिवसांसाठी पेशंटला छापील कार्डं देतात पण त्यात बहुतेक बीपी, शुगर आणि पेनकिलरच असतात, झोपेच्या गोळ्यांचं नाव सहसा नसतं, म्हणून ते तुम्हालाच काढावं लागेल.

आणि कायमच्या बंद करायचं म्हणताय त्या दोघींपैकी प्रेगाबालिनचा विषय पायांची आग किती आहे त्यावर. क्लोनाझेपाम मात्र ७१ व्या वर्षी, पडण्याचा धोका असताना, नुसत्या झोपेसाठी चालू ठेवावी असं मलाही वाटत नाही, तुमच्या घरातल्या त्या माणसाचं तेवढं बरोबर आहे. फक्त ती आजारपणात नाही आणि एका झटक्यात नाही. तब्येत पूर्ण सुधारल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीत दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी, पाव गोळीच्या हिशोबाने, आणि शेवटचा पाव सगळ्यात सावकाश.